मागे बसणारी व्यक्ती, सामान आणि प्रीलोड

पत्नी आणि दोन भरलेल्या पेट्या घेऊन ताम्हिणी घाट उतरताना माझ्या मोटरसायकलचे मागचे टोक उसळत होते, वळणावर ती बाहेर ओढली जात होती आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. मी डॅम्पिंग ‘हार्ड’ केले. धक्के वाढले, पण हेडलाइट तसाच राहिला, आणि खरा दोष त्यावरूनच कळला. डॅम्पिंग स्प्रिंगच्या हालचालीचा वेग आवरते. भाराने खाली बसलेली गाडी उचलण्याचे काम प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाचे असते.

घरी मोजले, तेव्हा मागच्या चाकाच्या २०० मिलिमीटर प्रवासापैकी ८५ मिलिमीटर आमच्या भारानेच खर्ची पडत होते. साधारण ६० पुरेसे असतात. गाडीच्या पडद्यावर प्रीलोडसाठी एका हेल्मेटचेच, म्हणजे एकट्या चालकाचे चिन्ह होते. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून मी दोन हेल्मेट व सामान हा पर्याय निवडला आणि चिन्ह लुकलुकायचे थांबेपर्यंत वाट पाहिली, कारण माझ्या गाडीत त्याआधी निघाल्यास बदल अर्धवट राहतो. मोजमाप ६२ वर आले.

त्यानंतरच डॅम्पिंग ‘रोड’वर आणले. उंचवट्यानंतर मागचे टोक एकदाच वर येऊन स्थिरावू लागले. एकट्याने निघताना मात्र प्रीलोड आठवणीने उतरवावा लागतो. नाहीतर मागचे टोक उंच राहून पाय जमिनीला नीट टेकत नाहीत.