कंपनीने क्लेम नाकारला? कोल्हापुरातून विमा लोकपालाकडे तक्रार अशी करा

समजा, राजारामपुरीतल्या एका दुकानदाराचा अँजिओप्लास्टीचा १,८४,००० रुपयांचा क्लेम कंपनीने नाकारला. कारण एवढंच, की डिस्चार्ज कार्डावर ‘बीपी ६ वर्षांपासून’ असं लिहिलंय आणि पॉलिसी ४ वर्षांची आहे. म्हणजे आजार लपवला.

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे थेट जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार गेलेली असावी लागते. बरेच जण इथेच फसतात. एजंटाला केलेला व्हॉट्सअॅप किंवा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला केलेला फोन यात धरला जात नाही. ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

आता तारखा. ईमेल ३ जून २०२५ ला गेला आणि महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर ३ जुलैनंतर दार उघडतं आणि तिथून एक वर्ष मुदत असते. नकाराचं उत्तर २० जूनला आलं, तर वर्ष त्या दिवसापासून मोजायचं. ‘पुन्हा विचार करा’ अशी पत्रं पाठवण्यातच हे वर्ष निघून जातं.

कोल्हापूरची तक्रार पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जाते. cioins.co.in वर ती ऑनलाइन नोंदवता येते. फी नाही. वकील तर चालतच नाही. पॉलिसीधारकाने स्वतः, किंवा तो हयात नसेल तर वारसाने अथवा नॉमिनीने बोलायचं. मागणी ५० लाखांच्या आत हवी. हीच तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालू असेल, तर लोकपाल ती घेत नाहीत. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवायची हुशारी इथे अंगाशी येते.

खरी लढाई कागदांची. नकारपत्र, कंपनीला केलेली तक्रार, पॉलिसी आणि ती घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म जोडाच. पण या क्लेमचा निकाल ‘६ वर्षं’ या दोन शब्दांवर आहे. दाखल होताना घाईत घेतलेल्या माहितीत ‘महिने’चं ‘वर्षं’ झालं असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं पत्र घ्या. नुसत्या पत्राला कंपनी ‘मागाहून आणलेलं’ म्हणते, म्हणून बीपीची पहिली गोळी लिहिलेला जुना केसपेपर सोबत लावा. बीपी खरंच ६ वर्षांचा असेल, तर हा मुद्दा मांडूच नका. मग प्रपोजल फॉर्ममध्ये बीपीबद्दलचा प्रश्न नेमका कसा विचारला होता ते बघा.

मागणी रुपयांत लिहा: १,८४,००० आणि व्याज. मनस्तापाची भरपाई इथे मिळत नाही.

सुनावणी व्हिडिओवरही होते. कागदांना पानक्रमांक घाला. ‘पान ११ बघा’ म्हणता आलं की काम सोपं होतं. सगळे कागद पोचल्यापासून ३ महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो आणि कंपनीने तो ३० दिवसांत पाळायचा असतो. निवाडा कंपनीवर बंधनकारक आहे, तुमच्यावर नाही. पटला नाही, तर ग्राहक आयोगाचा रस्ता तेव्हा मोकळा असतो.