गणपतीतला उंचीचा सामना : चुलतभावंडांशी तुलना करताना होणाऱ्या चुका

गणपतीत डोंबिवली, दादर, बोरिवलीहून सगळे एका घरी जमले की मुलांना पाठीला पाठ लावून उभं केलं जातं. पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, दोघंही बारा वर्षांचे, मग आमचाच एवढा मागे का?" याचं उत्तर मुलाच्या ताटात शोधण्याआधी तुलना काय काय लपवते ते पाहू.

"एकाच घराण्यातले" हा पहिला गैरसमज

आडनाव एक असलं तरी चुलतभावंडांचे दोन आजी-आजोबाच सामायिक असतात. आईकडचे दोघं वेगळे. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं सारखी असतात, चुलत-मावस भावंडांत फक्त एक अष्टमांश. उंचीवर शेकडो जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो, त्यामुळे काकूच्या माहेरची उंची तुमच्या पुतण्यात उतरते, तुमच्या मुलात नाही.

म्हणून तुलना करायचीच तर मुलाच्या स्वतःच्या आईवडिलांशी करा. मुलासाठी दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, त्यात 13 मिळवा आणि निम्मे करा. मुलीसाठी 13 वजा करून निम्मे करा. आलेल्या आकड्याच्या साधारण 8 सेंमी खाली-वर मुलाची मोठेपणीची उंची अपेक्षित धरतात.

समजा वडील 165 सेंमी, म्हणजे सुमारे पाच फूट पाच इंच, आणि आई 152, पाच फुटांच्या आत. बेरीज 317, अधिक 13 म्हणजे 330, निम्मे 165. काका 175 आणि काकू 162 असतील, तर त्यांच्या मुलासाठी हाच हिशोब 175 वर जातो. दोन्ही मुलं ठणठणीत असली तरी मोठेपणी दहा सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे आईवडिलांच्या उंचीवरूनच दिसतं. फक्त ही उंची प्रत्यक्ष मोजा. लग्नाच्या बायोडेटातली धरू नका. तिथे बहुतेकांना एक-दोन इंच वाढवून मिळालेले असतात. आणि आई किंवा वडिलांची उंची लहानपणच्या एखाद्या आजारामुळे खुंटली असेल, तर हे सूत्र मुलाची अपेक्षित उंची कमी दाखवतं.

वय एक, पण घड्याळं दोन

खरी गफलत नऊ ते पंधरा या वयात होते. वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान कधीही होऊ शकते आणि मुलांमध्ये 9 ते 14 च्या दरम्यान. हा पाच वर्षांचा पट्टा पूर्णपणे नॉर्मल आहे. मुलींची उंची सुरुवातीलाच झपाट्याने वाढते आणि पाळी आल्यावर साधारण 5 ते 7 सेंमीच शिल्लक राहते. मुलांची झेप उशिरा, बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी येते. त्यामुळे अकरा-बारा वर्षांची मावसबहीण त्याच वयाच्या मुलापेक्षा उंच दिसली तर त्यात विशेष काही नाही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. आपल्या मुलाची उंची दहाव्या वर्षी 131, अकराव्या वर्षी 136 आणि बाराव्या वर्षी 140.8 सेंमी आहे. चुलतभाऊ बाराव्या वर्षी 152 आहे, गेल्या वर्षात 9 सेंमी वाढला आहे आणि त्याचा आवाज फुटायला लागला आहे. फोटोत अकरा सेंमीचं अंतर दिसतं. पण आपला मुलगा वर्षाला जवळजवळ 5 सेंमी वाढतो आहे आणि वयात येण्याआधी एवढीच वाढ अपेक्षित असते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 5 ते 18 वर्षांच्या तक्त्यावर त्याचे तिन्ही बिंदू 10 आणि 25 च्या रेषांमध्येच पडतात, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांपैकी 10 ते 25 मुलं त्याच्यापेक्षा बुटकी असतात. आईवडिलांवरून काढलेला 165 चा आकडा 18 वर्षांच्या ठिकाणी मांडला, तर तोही तक्त्याच्या खालच्या भागातच येतो. म्हणजे मुलगा आपल्या वाटेवर आहे. चुलतभावाची झेप सुरू झालेली आहे, याची व्हायची आहे.

शंका उरलीच तर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. बाराव्या वर्षी हाडं दहा वर्षांची दिसली, तर वाढायला अजून अवकाश आहे. पण केवळ फोटोत बुटका दिसतो म्हणून हा एक्स-रे काढायची गरज नसते.

उलटी चूक जास्त महाग पडते

"आमच्याकडे सगळे बुटकेच, सगळी भावंडं अशीच" असं म्हणून निर्धास्त राहणं हीसुद्धा तुलनाच आहे, आणि माझ्या मते जास्त धोक्याची. वयाच्या चार वर्षांनंतर, वयात येण्याआधी, एखादं मूल वर्षाला 4 सेंमीपेक्षा कमी वाढत असेल तर ते घराण्याच्या खात्यावर टाकू नका. रेषा ओलांडून खाली घसरत असेल किंवा तक्त्यावर 3 च्या रेषेच्या खाली असेल, तरीही तपासणी हवी. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, असं असेल तर थायरॉइड बघावं लागतं. पोटाची काहीच तक्रार नसली तरी गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा सिलिअ‍ॅक आजार उंची रोखू शकतो. बुटक्या मुलीत बाहेरून काहीच वेगळं दिसत नसलं तरी टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणी करतात.

उंच भावंडाचं कौतुक करतानाही सावध राहा. सात वर्षांच्या मुलीला स्तनांची वाढ सुरू झाली आणि ती वर्गात सगळ्यात उंच असली, तर हाडं लवकर पिकून ती मोठेपणी बुटकी राहू शकते. मुलींमध्ये आठ आणि मुलांमध्ये नऊच्या आत लक्षणं दिसली तर लगेच दाखवा. तसंच मुलीत तेरा आणि मुलात चौदा वर्षं पूर्ण होऊनही काहीच बदल नसेल तर दाखवा.

उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि दाराच्या बारला लटकणं यांनी हाडं लांब होत नाहीत.

घरची मापं चुकतात कुठे

मुंबईच्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या तळाशी टाइलची पट्टी बाहेर आलेली असते. तिथे टाच भिंतीला टेकत नाही आणि मूल तिरकं उभं राहतं. त्यापेक्षा सपाट दार किंवा कपाट निवडा. चप्पल-मोजे काढा, पोनी सोडा. टाचा, कुल्हे, खांदे आणि डोक्याची मागची बाजू टेकवा, नजर समोर सरळ ठेवा. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून खूण करा आणि धातूच्या टेपने मोजा. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते.

वेळही पाळा. दिवसभरात मणके दबल्याने सकाळपेक्षा संध्याकाळी उंची साधारण एक सेंमीने कमी भरते. वर्षाला 5 सेंमी वाढणारं मूल तीन महिन्यांत 1.25 सेंमी वाढतं. पहिलं माप सकाळी आणि दुसरं संध्याकाळी घेतलं, तर वाढ 0.25 दिसेल. तिला चाराने गुणलं की वर्षाला 1 सेंमी, आणि घरभर घबराट. म्हणून दोन मापांत किमान सहा महिने ठेवा आणि दोन्ही मापं दिवसाच्या त्याच वेळेला, त्याच जागी घ्या. दवाखान्यात येताना लसीकरणाच्या कार्डावरच्या आणि शाळेच्या आरोग्य तपासणीतल्या जुन्या नोंदी तारखेसह आणा. चुलतभावाचा फोटो आणायची गरज नाही.