एलएसएच लावताय? आधी बकेट मोजा

"एलएसएचला मेमरी कमी लागते, ग्राफचा रिकॉल जास्त येतो." जवळचे व्हेक्टर शोधण्याच्या कामात आलेल्या नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हे सांगतं. एलएसएचमध्ये जवळचे व्हेक्टर हॅश करून बहुधा एकाच बकेटमध्ये पडतात, ग्राफमध्ये शेजारी एकमेकांना जोडलेले असतात, आणि रिकॉल म्हणजे खऱ्या शेजाऱ्यांपैकी किती सापडले. दुसरा अर्धा भाग बहुतेक वेळा खरा ठरतो. पहिला मात्र स्वतः हिशेब मांडल्याशिवाय मानू नका.

सरावासाठी SIFT1M घ्या: १० लाख व्हेक्टर, प्रत्येकी १२८ आकडे. फ्लोटमध्ये एका व्हेक्टरला ५१२ बाइट, म्हणजे एकूण ५१२ एमबी. एचएनएसडब्ल्यू या थराथरांच्या ग्राफमध्ये जोडण्या ठरवणारा आकडा M=32 ठेवला तर सर्वांत खालच्या थरात प्रत्येक व्हेक्टरला ६४ शेजारी जोडता येतात. प्रत्येक जोडणीला ४ बाइट, म्हणजे आणखी साधारण २५६ एमबी.

आता एलएसएच. यादृच्छिक हायपरप्लेनच्या पद्धतीत व्हेक्टर प्रतलाच्या कोणत्या बाजूला आहे यावरून एक बिट ठरतो. दोन व्हेक्टरमधला कोन ३० अंश असेल, तर एक बिट जुळण्याची शक्यता १ − ३०/१८०, म्हणजे ०.८३. ऐकायला भरपूर वाटते. पण बकेटचा पत्ता १६ बिटांचा असेल तर सोळाही बिट जुळावे लागतात, आणि तिथे ती ५.४ टक्क्यांवर येते. म्हणून अनेक टेबलं लागतात. ५० टेबलं केली की निदान एकात तरी सापडण्याची शक्यता ९४ टक्क्यांपर्यंत चढते. प्रत्येक टेबलात प्रत्येक व्हेक्टरचा आयडी ४ बाइटचा धरला, तर झाले २०० एमबी. ग्राफच्या २५६ एमबीपासून फार लांब नाही! शिवाय शेवटी खरं अंतर मोजायला मूळ ५१२ एमबी दोन्हीकडे हवेतच.

मग 'कमी मेमरी' हे आलं कुठून? Faiss या व्हेक्टर शोधाच्या लायब्ररीतल्या `IndexLSH`मधून. तो टेबलं बांधतच नाही. प्रत्येक व्हेक्टरचे फक्त बिट ठेवतो आणि प्रश्न आला की सगळ्या बिटांवरून सरळ फिरतो. २५६ बिट म्हणजे ३२ बाइट, १० लाखांना ३२ एमबी. मूळ व्हेक्टर त्यात नसतात, म्हणून क्रम ढोबळ येतो. त्याची मेमरी आणि टेबलांच्या एलएसएचचा रिकॉल एकाच तक्त्यात मांडलेला दिसला, तर तो तक्ता बाजूला ठेवा.

आता तो सापळा, ज्यात मी अडकले होते. हे हायपरप्लेन सगळे शून्यबिंदूतून जातात. SIFTच्या आकड्यांत मात्र एकही ऋण नसतो, म्हणजे सगळा डेटा शून्याच्या एकाच बाजूला एका कोपऱ्यात दाटलेला. कुठल्याही दोन व्हेक्टरमधला कोन ९० अंशांपलीकडे जाऊच शकत नाही. काहीही संबंध नसलेली जोडी ९० अंशांवर असेल तर वरच्या ५० टेबलांतून दर प्रश्नाला साधारण ७६० फालतू उमेदवार येतात, ते चालतं. तीच जोडी ६० अंशांवर असेल तर ७३ हजार येतात. ४५ अंशांवर असेल तर जवळजवळ ४ लाख. रिकॉल झकास दिसतो, कारण तुम्ही जवळजवळ अर्धा डेटाच तपासत असता! कोडमध्ये चूक शोधत बसू नका, ती तिथे नसते. उपाय म्हणजे आधी सगळ्या व्हेक्टरांची सरासरी `mu` वजा करणं. `xb` म्हणजे आपले १० लाख व्हेक्टर, हे बघा:

```python
mu = xb.mean(axis=0)
H = np.random.randn(128, 16)
bits = (xb - mu) @ H > 0
key = bits @ (1 << np.arange(16))
print(np.bincount(key).max())
```

१६ बिटांच्या ६५,५३६ बकेटांत १० लाख व्हेक्टर, म्हणजे सरासरी पंधराएक. एकदा `mu` वजा न करता चालवा, एकदा करून, आणि सर्वांत मोठी बकेट किती घटते ते पाहा. सरासरी वजा केल्याने युक्लिडीय अंतरं बदलत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. प्रश्नाच्या व्हेक्टरमधूनही हेच `mu` वजा करायला विसरू नका. शोध कोसाइनवर असेल तर कोन बदलतात, म्हणून उमेदवार असे निवडा आणि अंतिम क्रम मूळ व्हेक्टरवरच लावा. आणखी एक: यात जवळच्या जोड्यांचे कोनही वाढतात, म्हणून टेबलांची संख्या पुन्हा ठरवावी लागते. `IndexLSH`मध्ये याच दुखण्यासाठी `train_thresholds` आहे, पण तो मुळात बंद असतो.

"ग्राफ लाव आणि पुढे हो" म्हणणारे सीनियर या डेटावर चुकीचे नाहीत. शोधताना किती उमेदवार हाताशी ठेवायचे तो `efSearch` वाढवला की ९५ टक्क्यांपुढचा रिकॉल सहज येतो, आणि `efSearch` इंडेक्स पुन्हा न बांधता बदलता येतो. एलएसएचमध्ये बिट बदलले की सगळं नव्याने. तरी हिशेब न दाखवता सल्ला देणाऱ्या मार्गदर्शकावर माझा विश्वास नाही. आधी सगळ्या व्हेक्टरांशी अंतर मोजणारा `IndexFlatL2` चालवून खरे शेजारी काढा, मगच रिकॉलबद्दल बोला.

एलएसएच मी आजही वापरते, जिथे व्हेक्टर सतत येतात आणि पुसले जातात. बकेटमधून आयडी काढला की काम संपलं. ग्राफमधून एक व्हेक्टर काढला तर त्याच्यामार्फत जाणाऱ्या वाटा तुटतात, आणि Faissच्या एचएनएसडब्ल्यूमध्ये पुसण्याची सोयच नाही. तिथे मेमरी कमी करायची असेल तर टेबलं घटवून मल्टीप्रोब वापरा: आपल्या बकेटसोबत एक-दोन बिट उलटे केलेल्या शेजारच्या बकेटाही तपासायच्या. फक्त डेटा बदलत गेला की `mu` जुना होतो. म्हणून वरची शेवटची ओळ रोजच्या तपासणीत घाला, आणि मोठी बकेट फुगू लागली की नवा `mu` काढून टेबलं पुन्हा भरा.