घर विकलं, पैसे एनआरओ खात्यात आले, पण परदेशी जाईनात: बँकेच्या पत्रातल्या या चुका टाळा

बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली. तिथे परदेशातून येणाऱ्या पत्रांचा एक ठरलेला नमुना असायचा: "महोदय, माझ्या घराच्या विक्रीचे पैसे कृपया माझ्या इकडच्या खात्यावर पाठवावेत. सर्व कर भरलेला आहे." दोन ओळी, खाली सही, आणि आठव्या दिवशी फोन: अजून पैसे का नाही आले?

पत्र छोटं असल्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या "सर्व कर भरलेला आहे" या वाक्याबद्दल आहे. दहातल्या सहा जणांना ते खरं आहे की नाही हेच माहीत नसतं.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. गृहस्थ कॅनडात. ठाण्यातला फ्लॅट २००९ मध्ये मुद्रांक शुल्कासकट ४० लाखांना घेतलेला, सप्टेंबर २०२४ मध्ये १ कोटी २० लाखांना विकला. खरेदीखतात पत्ता घातला वडिलांच्या घराचा. एजंट म्हणाला, पन्नास लाखांच्या वरचं घर आहे, एक टक्का टीडीएस कापायचा, फॉर्म २६क्यूबी भरायचा, झालं. खरेदीदाराने १ लाख २० हजार कापले आणि उरलेले १ कोटी १८ लाख ८० हजार एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यात टाकले. सगळे खूश.

तो एक टक्का असतो विकणारा भारतात रहिवासी असेल तेव्हा. अनिवासी असेल तर त्या वेळच्या कायद्याने कलम १९५ लागायचं. खरेदीदाराला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक काढावा लागायचा, कपातीचं विवरणपत्र फॉर्म २७क्यू भरावं लागायचं, आणि आयकर खात्याचा कमी कपातीचा दाखला नसेल तर नफ्यावर नव्हे, पूर्ण विक्री किमतीवर कापावं लागायचं. या व्यवहारात दर पडत होता साडेबारा टक्के, त्यावर १५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे १४.९५ टक्के. रक्कम १७ लाख ९४ हजार. कापले होते १ लाख २० हजार.

गृहस्थांनी पत्र दिलं: १ कोटी २० लाख पाठवा. खात्यात तेवढे नव्हतेच. सीएने गृहस्थांच्या नावावर जमा कराचा उतारा, म्हणजे २६एएस उघडून पाहिलं, तर नोंद १९४-आयए या रहिवाशांच्या कलमाखाली. परदेशी जाणाऱ्या रकमेवरचा कर नीट भरल्याचा सीएचा दाखला म्हणजे फॉर्म १५सीबी, त्यावर सही करायला त्याने नकार दिला, आणि बरोबर केलं. पुढचे सात महिने धावपळ. खरेदीदाराने टॅन काढला. गृहस्थांनी त्याला १६ लाख ७४ हजार परत केले, त्याने पूर्ण १७ लाख ९४ हजार नव्याने भरले, उशिराचं व्याज वेगळं. ते कोणी द्यायचं यावर दोघांचं चांगलंच वाजलं, शेवटी निम्मं निम्मं. चुकीने भरलेल्या १ लाख २० हजारांच्या परताव्यासाठी खरेदीदाराने निराळा अर्ज केला.

आता खरा कर किती होता ते बघा. नफा ८० लाख. साडेबारा टक्क्यांनी १० लाख, १० टक्के अधिभार धरून ११ लाख, सेससकट ११ लाख ४४ हजार. म्हणजे साडेसहा लाख उगाच अडकले. विवरणपत्र भरल्यावर परतावा मिळतो, पण तो परत एनआरओ खात्यातच येतो, आणि तो परदेशी न्यायचा तर नवं १५सीबी, पोर्टलवरचं तुमचं नवं घोषणापत्र म्हणजे १५सीए, नवं पत्र. हे टाळायला फॉर्म १३ भरून कमी कपातीचा दाखला आधी घ्यायचा. तो त्या खरेदीदारापुरता असतो, आणि पुढच्या रकमांना लागतो, देऊन झालेल्यांना नाही. म्हणून माझा हट्ट: दाखला हातात येईपर्यंत मोठा हप्ता घ्यायचा नाही. "खरेदीदार पळून जाईल हो!" असं घायकुतीला आलेले विक्रेते म्हणतात. जाऊ दे. सात महिने बँकेचे उंबरठे झिजवण्यापेक्षा दुसरा खरेदीदार शोधणं सोपं. इसाऱ्याची रक्कमसुद्धा टीडीएस कापूनच आणि एनआरओतच घ्यावी. वडिलांच्या बचत खात्यात घेतलेला इसारा पुढे कागदावर जुळवताना नाकी नऊ येतात.

दुसरी चूक माझी लाडकी: "टॅक्स क्लिअरन्स सर्टिफिकेट" शोधत फिरणं. बँकेला हवं असलेलं असं वेगळं प्रमाणपत्र आयकर कार्यालयातून आणायचं नसतं. सीएचं १५सीबी आणि त्यावरून पोर्टलवर तुम्ही भरलेलं १५सीए, हाच तुमचा क्लिअरन्स. क्रम तोच ठेवा: आधी १५सीबी, मग १५सीएचा भाग सी, मग पत्र. पत्र आधी देऊन ठेवणाऱ्यांचं पत्र फाइलीत पिवळं पडतं. १५सीए चुकलं तर ते सात दिवसांच्या आतच मागे घेता येतं, तेव्हा रकमेचा आकडा दोनदा वाचा.

पत्रात मी काय लिहायला लावायचो? पाठवायची रक्कम रुपयांत, अंकी आणि अक्षरी, १५सीबीशी पैसा न पैसा जुळणारी. वरच्या प्रकरणात ती शेवटी झाली १ कोटी २ लाख ६ हजार. डॉलरचा आकडा पत्रात लिहू नका, "त्या दिवशीच्या दराने रूपांतर करावे" एवढं पुरे. दर रोज हलतो, आणि रोज नवं पत्र मागायची वेळ येते. मग पैशाचा उगम:

"सदर रक्कम ठाणे येथील माझ्या सदनिकेच्या विक्रीची असून खरेदीखताचा दस्त क्रमांक व दिनांक अमुक आहे. ती अमुक तारखांना माझ्या एनआरओ खात्यात जमा झाली. १५सीएचा पावती क्रमांक अमुक. चालू आर्थिक वर्षात सर्व बँकांमधून मिळून मी पाठवलेली रक्कम, ही धरून, दहा लाख डॉलरच्या आत आहे."

शेवटचं वाक्य लोक गाळतात. ही मर्यादा एप्रिल ते मार्चची आहे आणि दर खात्यामागे नाही, दर माणसामागे आहे. परदेशातून आणलेल्या किंवा एनआरई, म्हणजे परदेशी कमाईच्या खात्यातल्या पैशाने घर घेतलं असेल तर मूळ रकमेपुरता नियम वेगळा. ती कागदपत्रं असतील तर आधी तोच मार्ग विचारा.

बाकीच्या चुका एकेका ओळीत. त्याच खात्यात भाडं, ठेवीचं व्याज येत असेल तर "शिल्लक असेल ती पाठवा" असं लिहू नका, विक्रीची रक्कम वेगळी सांगा. आयकर पोर्टलवर पॅनची स्थिती अनिवासी अशी नोंदवलेली आहे का ते विक्रीच्या आधी पाहा. बँकेतल्या नमुना सहीसारखीच सही करा, वीस वर्षांत ती बदललेली असते. परदेशी बँकेचे शुल्क कोण भरणार ते लिहा.

आणि मित्राचं जुनं पत्र उचलू नका. वरचे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले, त्या व्यवहाराच्या वेळचे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पत्रावर आणि फॉर्मवर कोणता क्रमांक हवा, ते त्या महिन्यात आपल्या सीएला विचारूनच लिहा.