मनाई अर्जाचे प्रतिज्ञापत्र: हकिगत वेगळी, युक्तिवाद वेगळा

शेजाऱ्याने सामाईक बांधावर जेसीबी घातला, की शेतकरी दिवाणी न्यायालयात निरंतर मनाईचा दावा लावतो आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज देतो. महाराष्ट्रातील न्यायालयांत हा अर्ज ‘निशाणी 5’ या नावानेच ओळखला जातो. या टप्प्यावर सहसा साक्षीदार तपासले जात नाहीत. न्यायाधीशांपुढे असतात ती कागदपत्रे आणि पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे एका अर्थी त्याची साक्षच. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 19, नियम 3 असे सांगतो की, प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील अशाच गोष्टी असाव्यात. अंतरिम अर्जात समजुतीवर आधारलेले विधान चालते, मात्र त्या समजुतीचा आधार द्यावा लागतो. ऐकीव किंवा वादविवादाचा मजकूर विनाकारण भरला, तर त्या प्रतिज्ञापत्राचा खर्च, न्यायालयाने वेगळा आदेश न दिल्यास, ते दाखल करणाऱ्यावरच पडतो.

प्रथम कच्च्या कागदावर घटना तारखेच्या क्रमाने मांडाव्यात आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘हे मला कसे कळले?’ याचे उत्तर लिहावे: स्वतः पाहिले, कागदावरून कळले, की कोणी सांगितले. ज्या वाक्यापुढे यांपैकी एकही उत्तर बसत नाही, ते बहुधा युक्तिवादाचे असते आणि त्याची जागा अर्जात किंवा वकिलांच्या तोंडी म्हणण्यात असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या मसुद्यात बहुतेक वेळा असे लिहिलेले आढळते: “प्रतिवादी दांडगा इसम असून त्याने बेकायदेशीर अतिक्रमण केले आहे. वादीची प्रथमदर्शनी केस भक्कम असून मनाई न मिळाल्यास वादीचे भरून न येणारे नुकसान होईल.” यात डोळ्यांनी पाहिलेले काहीच नाही. तोच मजकूर पुढीलप्रमाणे लिहावा: “दिनांक 10 जून रोजी सकाळी सुमारे 9 वाजता मी दावा मिळकतीत हजर होतो. प्रतिवादीने जेसीबीने पूर्वेकडील बांध उत्तर टोकापासून अंदाजे 40 फूट उकरला. मी हरकत घेतली असता ‘उरलेला बांध उद्या काढतो’ असे तो म्हणाला. त्या बांधालगत माझ्या विहिरीची पाइपलाइन आहे, तिच्यावर माझा दीड एकर ऊस आहे आणि त्या उसाला दुसरे पाणी नाही.” प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान या मनाई देताना पाहिल्या जाणाऱ्या तिन्ही कसोट्यांची नावेही येथे नाहीत, तरी वकिलांना त्या कसोट्यांवर बोलण्यासाठी आधार मिळतो. ‘उद्या काढतो’ हे वाक्य तर विशेष जपावे, कारण तातडी त्यातूनच दिसते.

खरी फसगत होते ती हकिगतीसारख्या दिसणाऱ्या शब्दांनी. ‘मालक’ आणि ‘वहिवाट’ हे निष्कर्ष आहेत. मालकीसाठी खरेदीखताची तारीख आणि दस्त क्रमांक लिहावा; वहिवाटीसाठी जमीन कोण नांगरतो, कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले, हे लिहावे. सात-बारा उतारा जोडला आहे, एवढेच हकिगतीत यावे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अशा नोंदी खऱ्या धरायच्या, या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 मधील गृहीतकाची चर्चा युक्तिवादात करावी.

दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट गाळायलाच हवी असे नाही. “8 जून रोजी मी गावाबाहेर असताना प्रतिवादीने बांधावर खुणा केल्या, असे लगतच्या शेतकऱ्याने मला 9 जून रोजी सांगितले” असे, त्या व्यक्तीच्या नावासह आणि त्यावर विश्वास ठेवण्याच्या कारणासह लिहिता येते. ती व्यक्ती तयार असेल, तर तिचेच वेगळे प्रतिज्ञापत्र घेणे अधिक चांगले.

आपल्याविरुद्ध जाणारी हकिगतही लिहावी. पूर्वीच्या मोजणीत बांधाविषयी हरकत निघाली असेल किंवा पहिली कुरबूर मार्चमध्येच झाली असेल, तर ते सांगून उशिराचे कारण द्यावे. विरुद्ध पक्षाला नोटीस न देता हुकूम मागताना हे फारच आवश्यक आहे: महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान केल्याचे दिसल्यास, आदेश 39, नियम 4 नुसार न्यायालय तो हुकूम रद्द करते, तसे न करण्याची कारणे नोंदवल्याखेरीज.

शेवटी सत्यापन. “वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे” हे छापील वाक्य पुरेसे नाही. सत्यापन आदेश 19, नियम 3 च्या धर्तीवर असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्येच मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या प्रकरणात सांगितले आहे. म्हणून परिच्छेदांचे क्रमांक देऊन लिहावे: 1 ते 6 व्यक्तिगत माहितीवरून, 7 कागदपत्रांवरून, 8 अमुक व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून. सुरुवातीच्या कच्च्या कागदावरील उत्तरे येथे जशीच्या तशी उतरतात.

नोटीस न देता हुकूम मिळाला, तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब द्याव्या किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवाव्या लागतात आणि तसे केल्याचे आणखी एक प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. त्यातही पाठवलेल्या कागदांची यादी, तारीख आणि टपाल पावतीचा क्रमांक एवढेच असावे.