ठिबकचा व्हिडिओ: पेल्यांची चाचणी आणि खर्चाची तुलना कशी दाखवावी

ठिबक सिंचनाच्या बहुतेक व्हिडिओंत टपटपणारे थेंब दिसतात, पण शेवटच्या झाडाला पहिल्याइतकेच पाणी मिळते का, हे दिसत नाही. पाहणाऱ्या शेतकऱ्याला नेमके तेच हवे असते. ते दाखवायला सोळा सारखे पेले, एक मोजपात्र आणि एक घड्याळ पुरते.

संच सुरू करून दाब स्थिर होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबा, मग दाबमापकाचे जवळून चित्रण करा. काच चमकते, म्हणून कॅमेरा किंचित तिरका धरा. आता एका व्हॉल्व्हखालच्या चार नळ्या निवडा: पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर सुरुवातीला, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि टोकाला, अशा चार ठिकाणी ड्रिपरखाली पेला बसेल एवढा खळगा करा. थेंब कधी कधी नळीच्या अंगाने वाहत जातो आणि पेल्याबाहेर पडतो. ड्रिपरपाशी दोऱ्याचा तुकडा बांधून त्याचे टोक पेल्यात सोडले की पाणी त्यावरून खाली उतरते. ही युक्ती जवळून दाखवा, कारण ती चुकली तर सगळे आकडेच खोटे ठरतात.

प्रत्येक पेला बरोबर तीन मिनिटे ठेवा. ड्रिपर तासाला २ लिटरचा असेल तर पेल्यात १०० मिली पाणी हवे. तीन मिनिटे सलग दाखवू नका. घड्याळ सुरू होताना आणि थांबताना ते पेल्यासह एकाच चौकटीत आले तरी पुरे. चित्रण सकाळच्या तिरक्या उन्हात, थेंबामागे गडद माती ठेवून केले तर थेंब स्पष्ट उठून दिसतो. वाऱ्यात आवाज मात्र बिघडतो, म्हणून निवेदन नंतर भरा.

समजा, सोळा पेल्यांची सरासरी ९२ मिली आली आणि सर्वांत कमी भरलेल्या चार पेल्यांची ६९ मिली. ६९ ला ९२ ने भागले की ०.७५, म्हणजे पाण्याची समानता ७५ टक्के. ९० च्या वर असेल तर उत्तम. ८० च्या खाली गेली की दुरुस्तीला लागायचे. पडद्यावर हा एकच भागाकार मोठ्या अक्षरांत दाखवा.

कमी भरलेले पेले कुठे आहेत, यावरून दोषाचा माग लागतो. ते सगळे नळीच्या टोकाकडचे असतील तर नळी वाजवीपेक्षा लांब आहे, दाब अपुरा आहे किंवा टोकाला गाळ साचला आहे. इथे टोकाचे बूच काढून नळी धुण्याचे दृश्य घ्या आणि गढूळ पाणी नितळ होईपर्यंत कॅमेरा बंद करू नका. कमी भरलेले पेले इकडेतिकडे विखुरलेले असतील तर ड्रिपरच चोंदले आहेत. मग फिल्टरकडे जा. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात अर्धा किलोचा फरक दिसला तर जाळी धुवायची वेळ झाली.

आता खर्चाची चित्रे. ‘एकरी खर्च इतका’ असा एकच आकडा फसवा असतो, कारण नळीची लांबी ओळींतल्या अंतरावर ठरते. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात. ओळी १.५ मीटरवर असतील तर सुमारे २,७०० मीटर नळी लागते, १.२ मीटरवर असतील तर सुमारे ३,३७० आणि ३ मीटरच्या बागेत, ओळीला एकच नळी असेल तर, १,३५०. फिल्टर आणि मुख्य पाइपलाइन मात्र नळीच्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून आलेखात खर्चाच्या पट्टीचे दोन रंग ठेवा: एक ओळींबरोबर बदलणारा, दुसरा जवळपास स्थिर.

त्याच पट्टीपुढे आयुष्याचा हिशेब घ्या. उदाहरणापुरते, जाड नळीचा खर्च ६० भाग आणि आयुष्य पाच वर्षे धरा, म्हणजे वर्षाला १२. पातळ नळी ३६ भागांना मिळते पण दोन वर्षेच टिकते, म्हणजे वर्षाला १८. खरेदीच्या पट्टीत पातळ नळी स्वस्त दिसते, वार्षिक पट्टीत ती महाग पडते. हे दोन आलेख एकामागोमाग दाखवा. भाग काल्पनिक आहेत, हे पडद्यावर लिहा आणि पाहणाऱ्याला स्वतःच्या कोटेशनमधले आकडे भरायला रिकामा तक्ता द्या.

ठिबकची पाटपाण्याशी तुलना करताना पाटपाण्याच्या खर्चाची पट्टी शून्यावर ठेवणे ही नेहमीची चूक. दारे धरण्याची मजुरी, पंपाचे तास आणि बांध-सऱ्या काढण्याचा खर्च त्यात यायलाच हवा. उलट, ठिबकच्या पट्टीत फिल्टर धुण्याची मजुरी आणि दरवर्षी बदलावे लागणारे ड्रिपर धरा. अनुदान मिळत असेल तर ते एकूण रकमेतून गुपचूप वजा न करता वेगळ्या तुकड्याने दाखवा. ते मिळायला उशीर झाला तर पूर्ण पैसे आधी स्वतःलाच घालावे लागतात.