या चुका टाळा: कव्हर्ड कॉल विकला आणि शेअर हातचे गेले

म्हापशाच्या आमच्या बाई निवृत्त शिक्षिका. एका कंपनीचे ५०० शेअर त्यांनी फार पूर्वी ६२० रुपयांना घेतले होते. ५०० म्हणजे बरोबर एक लॉट; ऑप्शनचा व्यवहार अशा पूर्ण लॉटमध्येच होतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भाव १००० होता. बाईंनी हातातल्या या शेअरवर १०४० चा कॉल, म्हणजेच कव्हर्ड कॉल, शेअरमागे १४ रुपयांना विकला आणि दिवाळीच्या खर्चाला ७,००० रुपये मिळवले.

पहिली चूक इथेच झाली. त्यांनी प्रीमियम, म्हणजे कॉल विकून मिळणारे पैसे पाहिले; स्ट्राइक, म्हणजे शेअर द्यायचा ठरलेला भाव पाहिला नाही. कॉल विकणं म्हणजे त्या भावाला शेअर द्यायचं वचन देणं. १०४० ला हे शेअर आनंदाने विकाल का, असं मी नंतर विचारलं तेव्हा त्या लगेच "नाही" म्हणाल्या. मग तो कॉल त्यांनी विकायलाच नको होता.

दुसरी चूक एक्सपायरीच्या, म्हणजे कॉलची मुदत संपायच्या मंगळवारी झाली, आणि मला तीच जास्त लागते, कारण ती टाळणं सोपं होतं. आपल्याकडे शेअरचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे शेअर मुदतीआधी कुणी मागू शकत नाही. शेवटच्या दिवशी बाजार बंद होईपर्यंत तोच कॉल परत विकत घेऊन सुटका करून घेता येते. त्या दुपारी भाव १०५२ च्या आसपास होता आणि कॉल १२ रुपयांना परत घेता येत होता. खर्च ६,००० रुपये. बाई म्हणाल्या, "मिळालेले पैसे परत का देऊ?" पण तो तोटा नव्हताच. १४ घेऊन १२ दिले असते तर, ब्रोकरेज सोडून, १,००० रुपये उरले असते आणि शेअरही घरात राहिले असते.

बंद भाव १०५२ लागला, म्हणजे १०४० च्या वर. २०१९ पासून शेअरच्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊनच होते, त्यामुळे ५०० शेअर १०४० ने गेले. (शेअर तारण ठेवले असतील तर ते वेळेत कसे सोडवायचे, हे ब्रोकरला आधीच विचारून ठेवा.) वर दोन लाख दहा हजारांच्या नफ्यावर दीर्घ मुदतीचा करही आला.

पुढच्या आठवड्यात तिमाही निकाल लागले आणि भाव १२१० वर गेला. प्रीमियम धरून बाईंना १०५४ पडले होते. शेअरमागे १५६, एकूण ७८,००० रुपये हुकले.

तो कॉल परत घेऊन नोव्हेंबरचा ११०० चा कॉल विकून मुदत पुढे ढकलली असती तर? शेअर ११०० ला गेले असते. थोडं बरं, पण दुखणं तेच. निकाल तोंडावर असताना नुसता कॉल परत घ्यावा आणि नवा विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाईंनी घाईने १२१० ला २०० शेअर परत घेतले. आता लॉट पूर्ण होत नाही, म्हणून त्यांवर कॉल विकता येत नाही.